मीटर ०.४५ दाखवतो, पण कुठल्या बाजूचे? कॉम्प्लेक्स पॉवरवरून लोड वाचण्याची रीत

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये मी दुपारच्या सुट्टीत पोचलो. लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळे बंद होते आणि पोरं डबे उघडून बसली होती. फक्त कोपऱ्यातली हीटरवरची भट्टी तेवढी चालू होती. मालकांनी मला थेट पॅनेलसमोर नेले. मीटरवर पॉवर फॅक्टर ०.४५.

"सर, सकाळी मशिनी चालू होत्या तेव्हा पॉइंट नव्व्याण्णव दाखवत होता. आता हे बघा. आणखी एक कॅपॅसिटर टाकूया काय?"

त्या वेळी आणखी दहा केव्हीएआरचा कॅपॅसिटर टाकला असता, तर ०.४५ चा आकडा ०.३२ वर गेला असता. कारण तिथे कॅपॅसिटर कमी नव्हता, जास्त होता. ०.४५ हा आकडा एकटा पाहिला तर हे कळायला मार्ग नाही. लोड खूप लॅगिंग, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे, असला तरी ०.४५ येतो आणि खूप लीडिंग, म्हणजे करंट पुढे, असला तरी ०.४५ च येतो. पॉवर फॅक्टर काढताना आपण एक चिन्ह टाकून देतो आणि नेमके तेच चिन्ह पुढचा निर्णय ठरवते. ते चिन्ह कॉम्प्लेक्स पॉवरमध्ये शाबूत असते. म्हणून माझा आग्रह असतो की आधी कॉम्प्लेक्स पॉवर लिहा, हिशेब सगळा तिच्यात करा आणि पॉवर फॅक्टर अगदी शेवटी काढा.

ही रीत याच मशीनशॉपच्या आकड्यांवर दाखवतो. हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत.

एका संख्येत दोन गोष्टी

कॉम्प्लेक्स पॉवर म्हणजे P + jQ अशी एक संमिश्र संख्या. तिचा वास्तव भाग P म्हणजे रिअल पॉवर, किलोवॅटमध्ये. काल्पनिक भाग Q म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर, केव्हीएआरमध्ये. त्या संख्येची लांबी, म्हणजे दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, ही अ‍ॅपरंट पॉवर, केव्हीएमध्ये. P ला या लांबीने भागले की पॉवर फॅक्टर. गणितात काल्पनिक एकक i लिहितात, पण आपल्याकडे i करंटसाठी अडकलेला असल्याने j वापरतो.

"काल्पनिक भाग" या शब्दाने बऱ्याच विद्यार्थ्यांचा गैरसमज होतो, म्हणून इथे थोडे थांबतो. Q ही खरीखुरी हालचाल आहे. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये चुंबकीय क्षेत्र उभे राहते तेव्हा ते लाइनमधून ऊर्जा घेते आणि ओसरते तेव्हा ती ऊर्जा लाइनला परत करते. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे ही देवघेव सेकंदाला १०० वेळा होते. Q म्हणजे त्या येण्याजाण्याचा सर्वांत मोठा वेग. एखाद्या फेजवर Q ७२०० व्हीएआर असेल, तर ऐन भरतीच्या क्षणी ७२०० जूल प्रतिसेकंद या दराने ऊर्जा आत येत असते आणि थोड्याच वेळाने तेवढ्याच दराने बाहेर जात असते. सरासरी शून्य. त्यातून लोखंडाची एक कातळीही निघत नाही. पण ही ने-आण करणारा करंट तारेतून खराच वाहतो, तार खरीच तापते आणि ट्रान्सफॉर्मरची तेवढी जागा खरीच अडते.

पहिले काम: दोन आकडे आणि त्यांच्यातला कोन

लोडच्या टोकांवरचे व्होल्टेज आणि त्यात शिरणारा करंट, हे दोन्ही आरएमएसमध्ये हवेत. क्लॅम्प मीटर आरएमएसच दाखवतो, पण ऑसिलोस्कोपवर शिखर दिसते. शिखरांवरून हिशेब केला आणि निम्मे करायचे विसरले, की सगळी शक्ती दुप्पट येते.

तिसरा आकडा कोनाचा. चांगला पॉवर अ‍ॅनलायझर तो थेट देतो. तो नसेल तर दोन चॅनेलच्या स्कोपवर व्होल्टेज शून्यातून वर जाते तो क्षण आणि करंट शून्यातून वर जातो तो क्षण, यांच्यातले अंतर मोजा. ५० हर्ट्झला एक पूर्ण फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे १ मिलिसेकंद बरोबर १८ अंश. व्होल्टेज स्कोपवर घेताना मात्र त्याच व्होल्टेजसाठी असलेला डिफरन्शियल प्रोबच वापरा. साध्या प्रोबची जमीन-क्लिप फेजला लावली तर सरळ शॉर्टसर्किट होते.

आमच्या मशीनशॉपमधल्या लेथच्या लाइनवर फेज ते न्यूट्रल २४० व्होल्ट होते, करंट ५० अँपिअर आणि करंट २.०५ मिलिसेकंद मागे. २.०५ गुणिले १८ म्हणजे सुमारे ३६.९ अंश. तिन्ही फेज जवळपास सारखे.

इथे नेमप्लेटवर विसंबू नका. मोटारीवर ७.५ किलोवॅट लिहिलेले असते ते शाफ्टवर मिळणारे काम असते, लाइनमधून घेतलेली शक्ती नव्हे. शिवाय तो पूर्ण भाराचा आकडा असतो. लेथवर हलका जॉब लागलेला असताना P निम्म्यावर येतो, पण चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा Q फारसा उतरत नाही. म्हणून मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरे काम: करंटचा कोन उलटवून गुणणे

सूत्र एवढेच आहे:

```
S = V × I*        (I* म्हणजे I चा कॉन्ज्युगेट)
```

कॉन्ज्युगेट म्हणजे काल्पनिक भागाचे चिन्ह बदललेली संख्या, म्हणजेच कोन उलटवलेली संख्या. I वरचा हा तारा का लागतो, हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दोन संमिश्र संख्या गुणल्या की त्यांच्या कोनांची बेरीज होते. पण शक्ती ठरते ती व्होल्टेज आणि करंट यांच्या कोनांतल्या फरकावर. घड्याळ कुठून सुरू केले यावर शक्ती अवलंबून असूच शकत नाही. बेरजेऐवजी फरक मिळवायचा तर एकाचा कोन उलटवावा लागतो. करंटचा उलटवायचा असा प्रघात आहे, त्यामुळे मागे राहणाऱ्या करंटचा, म्हणजे इंडक्टिव्ह लोडचा, Q अधिक चिन्हाने येतो. एसीच्या हिशेबात संमिश्र संख्या रूढ केल्या त्या चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी, १८९३ मध्ये. तेव्हापासून कोनांची कटकट साध्या गुणाकारावर आली, पण हा तारा सांभाळावा लागतो.

आर फेज घेऊ. व्होल्टेज २४० शून्य अंशावर. करंट ५० उणे ३६.८७ अंशावर, म्हणजे घटकांत ४० उणे j३०.

```
S = 240 × (40 + j30) = 9600 + j7200
```

म्हणजे एका फेजवर ९६०० वॅट आणि ७२०० व्हीएआर. लांबी १२००० व्हीए. पॉवर फॅक्टर ९६०० भागिले १२०००, ०.८. Q अधिक आहे म्हणून लॅगिंग.

कॉन्ज्युगेट न घेता गुणले असते तर ९६०० उणे j७२०० आले असते. P बरोबर, आकडे बरोबर, फक्त Q चे चिन्ह उलटे. परीक्षेत व्होल्टेज बहुतेक वेळा शून्य अंशावर दिलेले असते, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे पचून जाते. ती उघडी पडते दुसऱ्या फेजवर. वाय फेजचे व्होल्टेज उणे १२० अंशावर आणि करंट उणे १५६.८७ अंशावर. तारा विसरून गुणले तर P येतो अवघा १४३५ वॅट. बी फेजवर तर उणे ११०३५ वॅट, म्हणजे जणू लेथ वीज परत पाठवतोय. आणि तिन्हींची बेरीज केली की उत्तर येते बरोबर शून्य. समतोल थ्री-फेज लोडवर ही चूक केली की एकूण शक्ती नेहमीच शून्य येते. कागदावर शून्य आले की कुठे शोधायचे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

कॉन्ज्युगेट घेऊन केले की तिन्ही फेजवर ९६०० + j७२०० हेच उत्तर येते, आणि एकूण २८.८ + j२१.६. संगणकावर पडताळून बघायचे असेल तर हे पुरेसे आहे:

```
from cmath import rect
from math import radians as r
ang = (0, -120, 120)
V = [rect(240, r(a)) for a in ang]
I = [rect(50, r(a - 36.87)) for a in ang]
S = sum(v * i.conjugate() for v, i in zip(V, I))
print(S)
```

उत्तर 28800+21600j च्या अगदी जवळ येईल. `.conjugate()` काढून पुन्हा चालवा आणि ते शून्य स्वतः बघा. डिप्लोमाच्या मुलांकडे असतो त्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर `CMPLX` मोडमध्ये `Conjg` हे फंक्शन मिळते.

उत्तराची एक उलटतपासणी नेहमी करा. लाइन व्होल्टेज ४१५, करंट ५०, त्याला १.७३२ ने गुणा: ३५.९ केव्हीए. आपली लांबी ३६ केव्हीए. जुळले. जिथे ही दोन उत्तरे १.७३ पटीने वेगळी येतात तिथे फेज आणि लाइन व्होल्टेजची गल्लत झालेली असते.

तिसरे काम: लोड जोडणे

दुकानात एकटे लेथ नव्हते. ग्राइंडरच्या लाइनवर ३ + j४ मिळाले, कारण ग्राइंडर बहुतांश वेळ मोकळेच फिरत होते. भट्टी निव्वळ हीटरची, म्हणून १० + j०. आता एकूण काय?

इथे मी दोन प्रकारचे हिशेब पाहिले आहेत. कुणी केव्हीए जोडतो: ३६, ५ आणि १०, मिळून ५१. कुणी पॉवर फॅक्टरची सरासरी काढतो: ०.८, ०.६ आणि १, सरासरी ०.८. दोन्ही चूक. ऊर्जा नाहीशी होत नाही म्हणून P ची बेरीज होते, आणि Q चीही त्याच शिस्तीत होते. केव्हीए ही लांबी आहे आणि वेगवेगळ्या दिशांच्या लांब्या सरळ जोडता येत नाहीत. शिरोलीहून दोन किलोमीटर पूर्वेला आणि मग दोन किलोमीटर उत्तरेला गेलात, तर शिरोलीपासून सरळ रेषेत चार किलोमीटर दूर असत नाही.

```
लेथ       28.8 + j21.6
ग्राइंडर    3.0 + j4.0
भट्टी      10.0 + j0
एकूण      41.8 + j25.6
```

लांबी ४९ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.८५, लॅगिंग. मुख्य केबलमधला करंट ६८ अँपिअर. केव्हीए जोडले असते तर ७१ म्हणालो असतो. फरक थोडा वाटेल, पण पुढे कॅपॅसिटर आला की दिशा पूर्ण उलटतात आणि ही पद्धत साफ कोसळते.

चौथे काम: कॅपॅसिटरचा आकडा

कॅपॅसिटरची कॉम्प्लेक्स पॉवर म्हणजे जवळजवळ निव्वळ उणे jQ. तो P ला हात लावत नाही. म्हणून पॉवर फॅक्टरचे तक्ते धुंडाळण्यापेक्षा सरळ विचारा की Q किती उरलेला चालेल. ०.९९ हवा असेल तर Q हा P च्या ०.१४२५ पट चालतो. ४१.८ चे ते ६ होतात. आहेत २५.६, उरवायचे ६, तर काढायचे १९.६. वीस धरू.

```
41.8 + j25.6 − j20 = 41.8 + j5.6
```

लांबी ४२.२ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.९९. करंट ६८ वरून ५९ अँपिअरवर. तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर जाते, त्यामुळे मुख्य केबलमधला तोटा जवळपास पाव भागाने उतरतो. मात्र हे फक्त कॅपॅसिटर जिथे जोडला त्याच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला घडते. पॅनेलपासून लेथपर्यंतची केबल पूर्वीइतकाच ५० अँपिअर वाहत राहते, कारण मोटारीला Q अजूनही लागतोच. तो आता ट्रान्सफॉर्मरकडून न येता पॅनेलमधल्या कॅपॅसिटरकडून येतो, एवढाच फरक. लांबच्या मोठ्या मोटारीची केबल तापत असेल तर कॅपॅसिटर त्या मोटारीपाशी न्यावा लागतो. तसा जोडताना तो मोटारीच्या मोकळ्या चालीतल्या केव्हीएआरच्या ९० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. जास्त झाला तर स्टार्टर बंद केल्यावर फिरती मोटार त्या कॅपॅसिटरवर स्वतःच जनरेटर होऊन बसते आणि टोकांवर जादा व्होल्टेज चढते.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. कॅपॅसिटरचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतात. डब्यावर २० केव्हीएआर, ४४० व्होल्ट असे लिहिले असेल तर ४१५ व्होल्टवर तो १७.८ च देतो. आपल्याला खरे २० हवेत तर ४४० व्होल्टचे २२.५ घ्यावे लागतात, म्हणजे १२.५ आणि १० असे दोन. या मशीनशॉपमध्ये तसेच बसवलेले होते, आणि म्हणून सकाळी मीटर ०.९९ दाखवत होता.

आता दुपारची सुट्टी

लेथ बंद, ग्राइंडर बंद. पॅनेलमधले दोन्ही कॅपॅसिटर एमसीबीवर कायमचे चालू. उरले काय?

```
10 − j20
```

लांबी २२.४ केव्हीए. पॉवर फॅक्टर १० भागिले २२.४, म्हणजे ०.४५. Q उणे, म्हणून लीडिंग. दहा किलोवॅटच्या भट्टीसाठी केबलमधून ३१ अँपिअर वाहत होते, आणि भट्टीला लागत होते जेमतेम १४. मीटरच्या कोपऱ्यात लीडची खूण होतीही, पण मोठ्या अक्षरातल्या ०.४५ पुढे तिकडे कुणाचे लक्ष जाणार? मालकांना मी बोलून समजावण्याऐवजी दहाचा कॅपॅसिटर बंद करायला सांगितला. उरलेला १२.५ चा डबा ४१५ व्होल्टवर ११.१ देतो, म्हणून मीटर ०.६७ वर चढला. मग दुसराही बंद केला. मीटर १ वर जाऊन थांबला. कॅपॅसिटर काढल्याने पॉवर फॅक्टर सुधारताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

मीटरवरच्या खुणेबद्दल एक सावधगिरी. उणे पॉवर फॅक्टर म्हणजे लीड, असे काही मीटर मानतात आणि काही मीटर नेमके उलट. दोन वेगवेगळ्या प्रमाणित पद्धती प्रचारात आहेत आणि काही मीटरमध्ये ती सेटिंगमधून बदलताही येते. पुस्तिका हाताशी नसेल तर वरचाच प्रयोग करा: एक कॅपॅसिटर बंद केल्यावर Q चा आकडा कुठल्या दिशेला सरकतो ते बघा. तो सरकेल ती दिशा लॅगची. बंद केलेला कॅपॅसिटर पुन्हा चालू करण्याआधी किंवा त्याच्या टोकांना हात लावण्याआधी निदान पाच मिनिटे जाऊ द्या आणि टोकांवरचे व्होल्टेज मोजून खात्री करा.

पैशांचेही बोलू. महावितरणने उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून kVAh वर नेली आहे, म्हणजे बिलातले युनिट लांबीवर मोजले जाते, एकट्या P वर नव्हे. अशा बिलावर `RKVAH LAG` आणि `RKVAH LEAD` असे दोन वेगळे आकडे दिसतात. लीडकडे गेलेले आकडे लॅगमधून वजा होत नाहीत, दोन्हींची बेरीज धरली जाते. सकाळचा लॅग दुपारच्या लीडने फिटला असे होत नाही. आपल्या दुकानाचा सकाळचा भार महिन्याला २०० तास चालला, तर किलोवॅटचे युनिट ८३६० होतात. कॅपॅसिटर नसताना kVAh येतात सुमारे ९८००, असताना ८४३०. पण रोज एक तास सुट्टीत कॅपॅसिटर तसेच राहिले, तर महिन्याच्या २५ तासांत २५० ऐवजी ५५९ युनिट पडतात. रात्रभर राहिले तर काय होईल ते मांडून बघा: भट्टीही बंद, P शून्य, आणि तरी तासाला २० युनिट. कमावलेले सगळे तिथेच जाते. `RKVAH LEAD` चा आकडा मोठा दिसला तर तो बहुधा रात्री आणि सुट्टीच्या दिवशी जमलेला असतो.

उपाय दोन. प्रत्येक मोठ्या मोटारीचा कॅपॅसिटर तिच्याच कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मोटार बंद की तोही बंद. किंवा एपीएफसी पॅनेल, जे Q मोजून कॅपॅसिटरच्या पायऱ्या चढवते-उतरवते. पायऱ्या एकसारख्या मोठ्या ठेवू नका. एक लहान पायरी असली की हलक्या भारालाही नेमके बसते.

जिथे त्रिकोण जुळत नाही

वरचा सगळा हिशेब व्होल्टेज आणि करंट दोन्ही स्वच्छ साइन असतील तेव्हाच खरा. याच मशीनशॉपमध्ये नंतर एक ड्राइव्हवर चालणारे मशीन आले. त्याच्या लाइनवर मीटर १२ किलोवॅट, ३ केव्हीएआर आणि १६ केव्हीए दाखवत होता. १२ आणि ३ च्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: १२.४ येते, १६ नाही. मीटर बिघडलेला नव्हता. ड्राइव्ह आतल्या रेक्टिफायरमुळे करंट टोकदार ठोक्यांनी ओढतो, आणि ५० हर्ट्झपलीकडच्या हार्मोनिक करंटचा भाग P मध्येही बसत नाही आणि अशा मीटरच्या Q मध्येही नाही. १६ च्या वर्गातून १२.४ चा वर्ग वजा केला की सुमारे १० केव्हीए उरतात, ते या विकृतीचे.

१२ भागिले १६ म्हणजे पॉवर फॅक्टर ०.७५. तो पाहून कुणी कॅपॅसिटर टाकला तर तो फार तर ते ३ केव्हीएआर काढेल. १० केव्हीएच्या विकृतीला तो काहीच करू शकत नाही. उलट ट्रान्सफॉर्मरच्या इंडक्टन्सबरोबर त्याचा अनुनाद पाचव्या किंवा सातव्या हार्मोनिकजवळ जुळला, तर हार्मोनिक करंट फुगतो आणि कॅपॅसिटर तापून फुगतो. इंडक्शन भट्टी असलेल्या फौंड्रीत फुगलेले डबे दिसतात त्यामागे अनेकदा हेच असते. तिथे ड्राइव्हला चोक लावणे आणि कॅपॅसिटरला डीट्यून रिअ‍ॅक्टर जोडणे हा मार्ग. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर जोडी १८९ हर्ट्झला ट्यून करतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या, २५० हर्ट्झच्या, बराच खाली. म्हणून मोजणी संपवण्याआधी हा त्रिकोण एकदा जुळवून बघायची सवय ठेवा. P, Q आणि केव्हीए जुळत नसतील तर कॅपॅसिटरचा हिशेब तिथेच थांबवा.

दुसरे एक कारण जोडणीचे. करंटचा क्लॅम्प आर फेजवर आणि व्होल्टेजची तार चुकून वायवर लागली, तर आपल्याच लेथच्या लाइनवर एका फेजला १.४ किलोवॅट आणि उणे ११.९ केव्हीएआर दिसतील. इंडक्शन मोटार Q देऊ शकत नाही, ती फक्त घेते. कॅपॅसिटर नसलेल्या मोटारीच्या लाइनवर मीटर लीडिंग दाखवत असेल तर मोटार तपासू नका, तारा तपासा. क्लॅम्प उलटा बसला असेल तर P आणि Q दोन्ही उणे येतात. ते ओळखायला सोपे.

छतावर सोलर आल्यावर

गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल, सगळीकडच्या शेडवर आता पॅनेल चढत आहेत, आणि त्यानंतर माझ्याकडे हमखास येणारी तक्रार म्हणजे "सोलर लावल्यापासून पॉवर फॅक्टर पडला." आपल्याच दुकानावर ३० किलोवॅटचा इन्व्हर्टर भर दुपारी पूर्ण चालतोय आणि कॅपॅसिटर अजून लावलेले नाहीत, असे धरा. इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवर असेल तर तो फक्त P देतो.

```
41.8 + j25.6 − 30 = 11.8 + j25.6
```

पॉवर फॅक्टर ०.४२. लोडमध्ये काहीही बिघडलेले नाही. Q पूर्वी २५.६ होता, आत्ताही २५.६ च आहे. पुरवठ्याकडून येणारा P कमी झाल्याने त्याच्या तुलनेत Q मोठा दिसू लागला, इतकेच. वीस केव्हीएआर लावले की ११.८ + j५.६ उरते आणि पॉवर फॅक्टर ०.९० होतो. ०.९९ हवा असेल तर उरलेला Q १.७ च्या आत आणावा लागेल, म्हणजे सुमारे ४ केव्हीएआरची आणखी एक लहान पायरी. मात्र एपीएफसीचा करंट मोजणारा सीटी सोलरच्या जोडणीच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. तो मीटरच्या बाजूला असेल आणि रविवारी दुकान बंद असताना सोलर वीज बाहेर पाठवत असेल, तर कंट्रोलरला P उणे दिसतो. अशा वेळी P आणि Q दोन्हींची चिन्हे, म्हणजे चारही चतुर्थांश, वाचणारा कंट्रोलर नसेल तर तो Q ची बाजू उलटी समजून कॅपॅसिटर चढवत बसतो.